फुगा बाटलीत का फुगत नाही? दुसरीच्या वर्गासाठी अंदाजपत्रक कसं करावं?

शेवाळी

दुसरीला ‘हवेला जागा लागते’ हा भाग घ्यायचा आहे. ३६ मुलं, चार-चारांचे ९ गट, ४० मिनिटांची तासिका. प्रयोग नेहमीचाच. एक लिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीत फुगा सोडायचा, त्याचं तोंड बाटलीच्या तोंडावर ओढून बसवायचं आणि फुंकायचं. साध्या बाटलीत फुगा फुगत नाही, बुडाशी भोक पाडलेल्या बाटलीत फुगतो.

प्रयोगाआधी प्रत्येकाच्या हातात एक अंदाजपत्रक द्यायचं ठरवलं आहे. सध्या त्यात एवढंच आहे: ‘बाटलीतला फुगा फुगेल का?’ खाली दोन चौकोन, हो आणि नाही. त्याखाली ‘का?’ आणि तीन रेघा.

चार मुलांवर करून पाहिलं तेव्हा तीन अडचणी आल्या. एक म्हणजे साध्या बाटलीतही फुगा थोडा फुगतोच, त्यामुळे ‘हो’ लिहिणारे म्हणतात की आमचं बरोबर आलं. दोन मुलांनी प्रयोग झाल्यावर खोडरबर काढून उत्तर बदललं. आणि ‘का?’च्या रेघांवर चौघांनीही लिहिलं, ‘कारण तो फुगा आहे’.

फुगा मुळीच फुगू नये यासाठी बाटलीत काही करता येईल का? आणि कागद कसा असावा?

पावणेदोन

अंदाजपत्रक म्हणजे खर्चाचंच ना? मग घ्या: ९ बाटल्या अधिक २ जादा, ३६ फुगे अधिक १० जादा (फुटतात, तोंडाशी फाटतात), चिकटपट्टीचं एक रीळ, कागद अर्ध्या पानाचे ३६. बाटल्या घरून मागवल्या तर खर्च फुग्यांचाच. फुगे फार स्वस्त घेऊ नका, तोंडाची कड पातळ असते आणि बाटलीवर ओढताना चिरते.

शेवाळी

मुलांनी आधी अंदाज लिहायचा त्या कागदाबद्दल विचारत होते :) पण यादी कामाची आहे, घेतली.

दाभण

फुगा मुळीच फुगू नये अशी बाटली मिळणार नाही, कारण हवा दाबली जाते. तोंडाने जोर लावून फुंकलं तर आपण बाहेरच्या हवेच्या दाबावर साधारण ५ ते १० टक्के भर घालू शकतो. त्यातला काही भाग फुग्याचं रबर ताणण्यातच खर्च होतो. उरलेल्या जोरात बाटलीतली हवा थोडीशी आकसते आणि जेवढी आकसते तेवढी जागा फुग्याला मिळते. एक लिटरच्या बाटलीत ती जागा सुमारे लिंबाएवढी असते.

म्हणजे तुम्ही जे पाहिलं ते चुकलेलं नाही. त्यावरून बाटली निवडायची. दोन लिटरच्या बाटलीत आत हवा दुप्पट, म्हणून फुगाही दुप्पट फुगतो आणि मुलांना ‘फुगला’ असं वाटणं साहजिक आहे. अर्ध्या लिटरच्या बाटलीत तो आवळ्याएवढाच राहतो. ७५० मिलिलिटरची किंवा लिटरची कोल्ड्रिंकची बाटली बरी, कारण तिच्या भिंती कडक असतात. पाण्याच्या पातळ, वळ्यावळ्यांच्या बाटल्या घेऊ नका. फुंकल्यावर त्यांच्या भिंतीच बाहेर ढकलल्या जातात, आत जागा वाढते आणि फुगा लिंबाचा मोसंबं होतो. बाटली हाताने दाबून पाहा. अंगठ्याने सहज खळगा पडत असेल तर ती बाजूला ठेवा.

कागदावर मात्र ‘हो / नाही’ ठेवू नका. निसर्गात जे तिसरं उत्तर आहे ते कागदावरच नाही, मग मुलं काय करतील?

रानजाई

यापेक्षा सोपं आहे की! बाटलीच्या तोंडावर फुगा बसवा आणि बाटली गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवा. फुगा आपोआप उभा राहतो. फुंकायला नको, उष्टं नको. थंड पाण्यात ठेवलं की परत पडतो. हवेला जागा लागते हेच ना ते?

दाभण

रानजाई, प्रयोग छान आहे आणि तुमचं अर्धं बरोबरही आहे, गरम झालेल्या हवेला जास्त जागा लागते. पण त्यासाठी आधी ‘हवेला जागा लागते’ हे मुलाच्या मनात बसलेलं हवं. नाहीतर मूल त्यातून ‘गरम केल्यावर फुगा फुगतो’ एवढंच घेतं, किंवा ‘वाफ वर गेली’ असं म्हणतं. इथे प्रश्न वेगळा आहे: एका जागेत आधीच काहीतरी आहे, म्हणून दुसरं आत येत नाही. गरम पाण्यात ‘आत येत नाही’ हा भागच नाही. शिवाय सात वर्षांच्या ३६ मुलांमध्ये गरम पाण्याची ९ पातेली नकोत.

रानजाई

पातेल्यांचं मान्य. पण फुंकताना फुगत नाही तेव्हा मूल ‘माझ्यात जोर नाही’ असं म्हणणार, हवेचं नाव घेणार नाही. त्याचं काय?

अनुस्वार

रानजाईंचा मुद्दा मोलाचा आहे, आणि त्यात आपली भाषाही भर घालते. सूचना देताना आपण सहज म्हणतो, ‘ही रिकामी बाटली घ्या.’ मुलाने ते ऐकलं की बाटलीत काही नाही हे ठरलं. पुढे आपणच त्याला पटवत बसतो की आत हवा आहे. ‘रिकामी’ हा शब्द त्या तासाला वापरूच नये. ‘कोरडी बाटली’ म्हणावं, किंवा नुसतं ‘बाटली’.

दुसरा शब्द ‘हवा’. या वयाच्या मुलाला हवा दोन ठिकाणी भेटलेली असते, सायकलच्या चाकात आणि पंख्याखाली. हलते ती हवा, भरतात ती हवा. बाटलीत गप्प बसून असलेल्या हवेला तो हवा म्हणत नाही. म्हणून झाकण न लावलेली बाटली बादलीत तिरकी बुडवून बुडबुडे आधी दाखवा. दोन मिनिटं लागतात. ‘हे काय बाहेर आलं?’ एवढंच विचारा आणि उत्तर मुलांकडून येऊ द्या.

तिसरा ‘जागा’. ‘हवा जागा व्यापते’ हे वाक्य मुलं पाठ करतात, बोलत नाहीत. ‘जागा अडवते’ लगेच कळतं. एसटीत रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं. हवेने आधीच रुमाल टाकलेला आहे.

पावणेदोन

आणि भोक म्हणजे रुमालवाला उतरायचा स्टॉप :)

खडूफळा

दोन बाटल्या ठेवू नका, एकच ठेवा. एक भोकाची आणि एक बिनभोकाची दिली की मुलं भोक सोडून बाकी सगळं बघतात. ‘तो लाल फुगा चांगला आहे’, ‘ती बाटली मोठी आहे’, ‘तिने जोरात फुंकलं’. हे सगळे आक्षेप रास्त आहेत, कारण खरंच एकाहून जास्त गोष्टी बदललेल्या असतात.

सगळ्या बाटल्यांना आधीच भोक पाडून ठेवायचं आणि त्यावर पट्टी लावायची. आधी पट्टीसकट फुंकायचं. मग तीच बाटली, तोच फुगा, तेच मूल, फक्त पट्टी काढायची. वायरमन वापरतो ती काळी इन्सुलेशन टेप घ्या. साधी पारदर्शक पट्टी गोल भागावर सुरकुतते आणि सुरकुतीतून हवा जाते.

भोक बुडापासून दोन बोटं वर, बाजूच्या गुळगुळीत भिंतीवर पाडा. अगदी तळाला पाडलं तर टेबलावर ठेवताच झाकलं जातं. मधोमध पाडलं तर फुगा फुगता फुगता स्वतःच त्या भोकावर बसतो, कोपऱ्यातली हवा आतच अडकते आणि फुगा अर्ध्यावर थांबतो.

ओसरी

आमच्याकडे मुलाला हे घरी करायला सांगितलं आहे, शुक्रवारी द्यायचं आहे. फुगा बाटलीच्या तोंडावर राहतच नाही, फुंकलं की सटकतो. शिवाय भोक पाडायला गेले तर बाटलीला चीर गेली. खिळ्याने पाडत होते. भोक किती मोठं हवं?

खडूफळा

ओसरी, खिळा थंड असेल तर प्लास्टिक फाटतं, आणि चीर गेली की ती बोटाने बंद होत नाही. खिळा पकडीत धरून गॅसवर तापवा आणि हलकेच टेकवा, एका क्षणात भोक पडतं. हे मोठ्यांनीच करायचं, खिडकी उघडी ठेवून, मुलगा लांब. भोक पेन्सिलीपेक्षा थोडं बारीक हवं, पाचेक मिलिमीटर. मुलाच्या बोटाच्या टोकाने ते पूर्ण झाकलं गेलं पाहिजे. भोवती वितळलेल्या प्लास्टिकची कड उभी राहते ती नेलकटरने कापून घ्या, नाहीतर बोट नीट टेकत नाही आणि फुगाही त्यावर फुटतो.

सटकण्यासाठी: फुग्याचं अंग पेन्सिलीच्या बोथट बाजूने आत ढकला, मग तोंड दोन्ही हातांच्या दोन-दोन बोटांनी चौकोनी ताणून बाटलीच्या आट्यांच्या खालपर्यंत ओढा. नुसतं काठावर अडकवलं की सटकतं. वरून एक रबरबँड. फुग्याचं तोंड ओलं असेल तर पुसून घ्या.

ओसरी

जमलं! पट्टी लावून फुगत नाही, काढून फुगतो. पण भोकावर बोट ठेवून तोंड काढलं तर फुगा फुगलेलाच राहायला हवा म्हणतात, आमचा हळूहळू बसतो. आठ-दहा सेकंदांत गेला.

दाभण

कुठून तरी बाहेरची हवा बाटलीत शिरते आहे. फुगा बसायचा म्हणजे त्याने सोडलेली जागा कशाने तरी भरायला हवी. वाट दोनच ठिकाणी असू शकते, बोटाखाली किंवा फुग्याच्या तोंडाशी.

शोधायची रीत अशी. भोकावर घट्ट पट्टी लावा, फुग्याच्या तोंडाभोवती आणि पट्टीच्या कडांवर साबणाचं पाणी बोटाने फिरवा आणि जोरात फुंका. फुंकताना बाटलीतली हवा बाहेर ढकलली जाते, त्यामुळे जिथे फट असेल तिथे बुडबुडे येतात. फुगा बसत असताना साबण लावून उपयोग नाही, तेव्हा हवा आत ओढली जात असते आणि बुडबुडा येत नाही. पकडण्यासाठी फुंकायचीच वेळ हवी.

दुसरी खूण अशी: पट्टी लावलेली असतानाही प्रत्येक फुंकरीला फुगा लिंबाहून मोठा मोठा होत गेला तर गळती आहे. न गळणाऱ्या बाटलीत तो एकदा लिंबाएवढा होतो आणि मग कितीही फुंका, तिथेच अडतो.

ओसरी

आट्यांपाशी बुडबुडे आले. रबरबँड आणखी खाली सरकवला, आता राहतो. मुलगा पंधरा मिनिटं बोट काढायलाच तयार नव्हता.

दूरदेशी

वेगळा मुद्दा. इथे अमेरिकेत काही शाळांमध्ये लॅटेक्सचे फुगे चालतच नाहीत, ॲलर्जीमुळे. आणि आठ वर्षांखालच्या मुलांच्या घशात न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा अडकू शकतो, हा इशारा फुग्यांच्या पाकिटांवर छापलेला असतो. दुसरीची मुलं नेमकी त्याच वयाची आहेत. फुंकताना मध्येच श्वास आत घेतला की फुग्याचं तोंड ओठांत ओढलं जातं. फुगा बाटलीला बसवलेला असला तर तो धोका कमी होतो, पण सुटे फुगे मुलांच्या हातात देऊ नयेत.

आम्ही बिनफुग्याचा करतो. रुंद तोंडाची बरणी आणि पातळ प्लास्टिकची पिशवी. पिशवी आधी बरणीच्या आत बसवायची, हाताने भिंतींना आणि तळाला नीट चिकटवायची, कड बरणीच्या काठावरून बाहेर उलटी करून रबरबँडचे दोन वेढे. मग पिशवीचा तळ आतून धरून वर ओढायचा. निघत नाही. दुसऱ्या वेळी पिशवी हवेने भरून उलटी बरणीवर लावायची आणि आत ढकलायची. जात नाही. पिशवीला बारीक भोक असेल तर दोन्ही सहज होतं, म्हणून आधी तीत पाणी भरून तपासा. रबरबँडखाली पिशवीच्या चुण्या पडतात, तिथून हवा जाते, त्यावर वरून चिकटपट्टी फिरवा.

खडूफळा

बरणी-पिशवी चांगली आहे, फुंकायला नको आणि उष्टंही नको. पण मला फुगाच बरा वाटतो. पिशवी बाहेर ओढताना निघत नाही हे ‘हवा जागा अडवते’ याचं उत्तर नाही. तिथे पिशवी आणि बरणी यांच्यामध्ये हवा शिरत नाही म्हणून ती निघत नाही. आत ढकलायचा अर्धा भाग तेवढा आपल्या प्रश्नाचा आहे. दोन्ही एकाच तासाला केले तर मुलांचा गोंधळ होईल.

दूरदेशी

मला तसं वाटत नाही. फुग्याच्या प्रयोगात शेवटी बोट ठेवल्यावर फुगा फुगलेला राहतो, तेही ‘आत यायला वाट नाही’ हेच आहे. तो भाग तुम्ही घेता, मग पिशवीचा का नको?

खडूफळा

मी तो भाग दुसरीला घेतही नाही.

शेवाळी

मला तो घ्यायचा आहे, मुलांना सगळ्यात आश्चर्य त्याचंच वाटतं. यावर आणखी मतं आली तर वाचेन. पण रानजाईंनी विचारलेला ‘माझ्यात जोर नाही’वाला प्रश्न राहिलाच आहे. चौघांपैकी एकीने मला तेच सांगितलं.

सातवा तास

त्याचं उत्तर बाटलीच्या बाहेर आहे. मुलाने तोच फुगा आधी बाटलीबाहेर फुगवून दाखवायला हवा. सात वर्षांच्या पुष्कळ मुलांना नवा कोरा फुगा फुगवताच येत नाही, कारण पहिल्या फुंकरीला रबर सगळ्यात जास्त अडतं. अशा मुलाने बाटलीत फुंकलं आणि फुगा फुगला नाही तर त्यावरून हवेबद्दल काहीच कळत नाही. ते मूल ‘जोर नाही’ म्हणतं तेव्हा बरोबरच बोलत असतं.

म्हणून आदल्या दिवशी सगळे फुगे हातपंपाने दोन-तीनदा पूर्ण फुगवून सोडून द्या. रबर सैल पडतं. तासाला प्रत्येक गटातलं एक मूल फुगा बाहेर फुगवतं, बाकी तिघे बघतात. मग तोच फुगा मोठ्यांनी बाटलीत बसवायचा आणि त्याच मुलाने फुंकायचं. आता ‘जोर नाही’ हे उत्तर त्याला स्वतःलाच पटत नाही. ज्याला बाहेरही जमलं नाही त्याने बोट धरायचं काम करावं, ते काम कमी महत्त्वाचं नाही.

आणि हवा बाहेर येते हे दाखवायला भोकापाशी टिश्यू पेपरची बारीक पट्टी चिकटवा, वरून लोंबती. भोकावरची टेप काढून फुंकलं की टिश्यूची पट्टी फडफडते. किंवा गालाजवळ भोक धरायला सांगा. एक मूल फुंकतंय आणि दुसऱ्याच्या गालावर वारा लागतोय. बाटलीत काहीतरी होतं आणि ते बाहेर आलं, हे तिथे कळतं. फुगा फुगण्यापेक्षा मला हा पुरावा मोठा वाटतो.

हातपंपाने बाटलीत फुगवू नका हे राहिलं. पंपाचा जोर तोंडाहून पुष्कळ जास्त असतो. फुगा बंद बाटलीतही मोठा होतो किंवा तोंडापासून उडतो, आणि मुलं नेमकं उलटं शिकतात.

रानजाई

हे पटलं. बाहेर-आत-पट्टी काढून, असे तीन टप्पे झाले. मग कागदावरही तीन चित्रं हवीत ना?

दाभण

अगदी. आणि चित्रंच हवीत. या वयाच्या मुलाला ‘का?’ लिहायला लावलं की ते लिहिता येईल तेच लिहितं, वाटतं ते लिहीत नाही. ‘कारण तो फुगा आहे’ हे त्यातलंच. कागदावर बाटलीची बाह्यरेषा छापून द्या, बोटभर लांबीची नको, वीतभर. आत फुगा काढायचा मुलाने. केवढा काढला यातच त्याचा अंदाज आहे. ‘थोडासा’ असा वेगळा चौकोन लागत नाही.

अनुस्वार

अंदाज निळ्या तेलखडूने काढायला लावा, पेन्सिलीने नको. तेलखडू खोडता येत नाही, त्यामुळे खोडरबरचा प्रश्न आपोआप मिटतो. प्रयोगानंतर जे दिसलं ते त्याच चित्रावर लाल खडूने. निळा फुगा मोठा आणि लाल लिंबाएवढा, हे दोन्ही एकाच बाटलीत शेजारी दिसतं. त्यावर बरोबर-चूक अशी खूण मात्र कुणीही करू नये. एकदा लाल पेनाची फुली पडली की पुढच्या वेळी मूल शेजाऱ्याचा कागद बघून काढतं.

पावणेदोन

शेजाऱ्याचा कागद आत्ताही बघणारच. दप्तरं मध्ये उभी करायची?

सातवा तास

दप्तरांची भिंत चालते. पण आधी सगळ्यांनी डोळे मिटून हाताने दाखवायचं, दोन तळव्यांमध्ये फुगा केवढा. शिक्षकाने नजर फिरवायची, मग लगेच खडू हातात द्यायचे. शरीराने एकदा ठरवलं की मूल फारसं बदलत नाही.

‘का?’ काढू नका मात्र. ते मुलांकडून तोंडी घ्या आणि मुलाच्याच शब्दांत कागदाच्या मागे तुम्ही लिहा. ३६ जणांचं जमणार नाही, प्रत्येक गटातल्या एकाचं घ्या. ‘बाटली त्याला दाबते’, ‘फुगा घाबरतो’, ‘आत जागाच नाही’ असलं काहीही येईल. नीटनेटकं करून लिहू नका.

शेवाळी

सगळं एकत्र करून असा कागद केला आहे, चुकत असेल तर सांगा.

अर्धं पान आडवं. वर नाव आणि गटाचा रंग. त्याखाली तीन बाटल्या, प्रत्येक वीतभर, आत फुग्याचं फक्त तोंड काठावर काढलेलं. पहिल्या बाटलीच्या बुडाशी काळी पट्टी. दुसरीला तिथे भोक. तिसरीला भोकावर एक बोट, आणि फुंकणारं तोंड नाही. प्रत्येकीखाली मोठ्या अक्षरात एकच ओळ: ‘फुंकल्यावर फुगा केवढा?’, ‘पट्टी काढून फुंकल्यावर फुगा केवढा?’, ‘बोट ठेवून तोंड काढल्यावर फुगा केवढा?’ बाकी काही नाही.

वेळ अशी: बादलीतले बुडबुडे आणि बाहेर फुगा फुगवणं ८ मिनिटं. पहिल्या बाटलीचा अंदाज, प्रयोग, लाल खडू ८ मिनिटं. दुसरीला तेवढीच, टिश्यूच्या पट्टीसह. तिसरीला ६. उरलेली १० बोलायला. तिन्ही अंदाज एकदम काढून घेणार नाही, कारण पहिली बाटली पाहिल्यावर दुसरीबद्दल त्यांना काय वाटतं ते बघायचं आहे.

दाभण

तिन्ही अंदाज वेगवेगळे घेणं योग्य. एक बदल सुचवतो. वीतभर तीन बाटल्या अर्ध्या पानावर बसणार नाहीत, पूर्ण पान आडवं घ्या.

खडूफळा

मी अजूनही तिसरी बाटली काढून टाकीन. तुम्ही बोलायला १० मिनिटं ठेवली आहेत, ती तिसऱ्या बाटलीतच जातील. पहिल्या दोन बाटल्यांचं बोलणं राहून जाईल.

सातवा तास

मी ठेवीन, पण शेवटी, आणि समजावून न सांगता. फुगलेल्या फुग्यात बोट तसंच धरून वाटीभर पाणी ओता, बाटलीचं तोंड मुलांपासून लांब, खिडकीकडे करा आणि बोट काढा. पाणी उडतं. मग फक्त विचारा, ‘कुणी ढकललं?’ उत्तर दुसऱ्या दिवशी घ्या.

ओसरी

हे वाचून मुलगा आता पाणी भरायला गेलाय. भोक बुडाशी आहे, फुगा फुटला तर पाणी त्यातूनच गळेल ना?

खडूफळा

गळेल. खाली परात ठेवा.

शेवाळी

पूर्ण पानच घेते. तिसरी बाटली ९ पैकी ४ गटांना देऊन बघणार आहे, बाकी ५ गटांना पहिल्या दोनच. दोन्हीकडचे निळे-लाल कागद सोमवारी इथे लिहून काढते.